कापडी सापांचा पट

माणसाची सारी चढण आणि सारी घसरण शंभर घरांत मावते, आणि ती शंभर घरं माझ्या छातीवर छापलेली आहेत. राजे, पंडित, सेनापती, सगळ्यांना एकदा ना एकदा माझ्याच वाटेनं जावं लागलं आहे. निदान खोक्यावर तसं चित्र होतं. मित्रांनो, मी एक जुना सापशिडीचा पट आहे. पुठ्ठ्याचा. मधल्या घडीवर फाटलो आहे, त्यामुळे पन्नास आणि एक्कावन्न या शेजाऱ्यांचं सध्या बोलणं नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. त्याच दिवशी मला चार हजार भाऊ झाले, त्यामुळे माझं विशेष कौतुक कुणी केलं नाही. कौतुक नशिबी आलं ते एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी. दोघं उमेदीच्या वयात परदेशी आली आणि तिथलीच झाली. आजोबांनी तीस वर्षं शहरातली बस चालवली. आजी कपडे अल्टर करण्याचं छोटं दुकान चालवायची. मुलगा नोकरीसाठी तिसऱ्याच देशात गेला आणि नात तिकडेच झाली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. आजी-आजोबांना टॅबलेटवर बहुधा तिचा एक कान दिसायचा, नाहीतर तिच्या घराचं छत.

"जेवलीस का?"

"हो."

"शाळेत काय शिकवलं?"

"काही नाही."

एवढं झालं की भिंगरी पसार. मग मुलगा आणि आजोबा एकमेकांना हवामान सांगायचे.

भेटवस्तूंचं तर विचारू नका. पहिल्या वर्षी बोलणारं अस्वल धाडलं. ते बोललं आणि भिंगरी रडली. तेव्हापासून अस्वल कपाटावर भिंतीकडे तोंड करून बसलं. दुसऱ्या वर्षी आजीनं पडद्यावर बघून अंदाजानं फ्रॉक शिवला. पार्सल सात आठवडे वाटेत राहिलं. पडद्यावर माणूस कमरेपर्यंतच वाढतो. फ्रॉक बाहुलीला झाला.

शेवटी सून म्हणाली, "आई, बाबा, रागावू नका. घरात वस्तू ठेवायला जागा नाही, आणि दोन दिवसांनी ती त्यांच्याकडे बघतही नाही. दोघांना मिळून करता येईल असं काहीतरी घ्या ना. एक तुमच्याकडे, एक तिच्याकडे."

असा मी आलो. माझा जोडीदार आजोबांनी भिंगरीच्या गावातल्याच दुकानातून मागवला. तो दोन दिवसांत पोचला. पहिल्या रविवारी खेळ मांडला आणि सत्तेचाळीसच्या घरात युद्ध पेटलं.

"आजोबा, शिडी आली! वर चला!"

"अगं, साप आहे तो. गिळला मला."

"शिडी आहे! तुम्ही मुद्दाम हरताय!"

दोघंही खरंच बोलत होती. दोन देशांतल्या दोन छापखान्यांनी साप आपापल्या मर्जीनं सोडले होते. खोक्यांवर चित्र एकच, म्हणून पाच मिनिटं आजोबांनी त्यातही सुनेला दोष देऊन पाहिला. मग आजीनं तिच्याकडून पटाचा फोटो मागवला, माझ्या सापा-शिड्यांवर पांढरे कागद चिकटवले आणि त्यांवर भिंगरीच्या पटाप्रमाणे नवे साप बसवले. अनोळखी लोकांच्या पँटींच्या उरलेल्या पट्ट्यांचे. शिड्या दोऱ्याच्या. मित्रांनो, माझे जन्माचे साप गेले. पण दोन घरांत एकच खेळ झाला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग नियम ठरले. दोघांनी दोन्ही सोंगट्या आपापल्या पटावर हलवायच्या. फासा वाटीत टाकायचा आणि वाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. आवाज उशिरा पोचतो, म्हणून आपलं बोलणं संपलं की हात वर करायचा. पूर्ण डाव तिला पेलत नसे, म्हणून सुरुवात पन्नासाव्या घरापासून. पंधरा मिनिटं, बास. तेवढी पंधरा मिनिटं मुलगी कान न दाखवता पूर्ण चेहरा दाखवत होती. आजोबा रविवारी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. बस चालवताना ते इतके सजलेले कुणी पाहिले नव्हते.

चार वर्षं अशी गेली. भिंगरी नऊ वर्षांची झाली, आजोबांचा हात थरथरू लागला, आणि मला ओरखडे पडले. भिंगरी डाव चाले त्यापेक्षा जास्त वेळ उशिरा येऊ लागली. हे आम्हा तिघांपैकी फक्त मला दिसत होतं, कारण मला डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि माया आडवी येत नव्हती.

त्या रविवारी भिंगरी "पाणी पिऊन येते" म्हणून उठली. टॅबलेटचा आवाज कुणी बंद केला नव्हता.

"बाबा, मला नाही खेळायचं आता. तो लहान मुलांचा खेळ आहे."

"आजोबांना वाईट वाटेल गं. दहा मिनिटं खेळ फक्त."

"दर वेळी दहा मिनिटंच!"

आजोबांनी हातातली सोंगटी खाली ठेवली. बहात्तरवर ठेवायची होती, एकाहत्तरवर ठेवली. भिंगरी परत आली तेव्हा ते म्हणाले, "आज नेट जरा अडखळतंय गं. पुढच्या रविवारी बघू." नेट उत्तम होतं. आजी चेहरा घासावा तशी चष्म्याची काच पुसत राहिली.

पुढचे पाच दिवस आजोबांनी नातीसाठी काय घ्यावं याची यादी केली. बुद्धिबळ, दुर्बीण, परत एक अस्वल. आजीनं सुनेला फोन लावला. "तिला आता काय आवडतं गं?"

सून म्हणाली, "आई, तिलाच का नाही विचारत?"

नऊ वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रविवारी आजीनं विचारलं. भिंगरी लाजली, मग म्हणाली, "आजी, तू मशीनवर शिवतेस ना? मला हातानं शिवायला शिकवशील?"

एकाच ताग्यातलं कापड दोन्हीकडे गेलं. सारखा दोरा, सारखी सुई. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी आजीनं सुनेकडून बोटाचं माप घेऊन पाठवली, अंदाज नाही केला. प्रश्न एकच होता. आजीचे दोन्ही हात कामात, मग टॅबलेट कोण धरणार? आजोबा म्हणाले, "मी आहे ना."

म्हणून ते मागे बसले आणि कॅमेरा आजीच्या बोटांवर धरला. आता पडद्यावर टाके दिसत, आजोबा दिसत नसत. तरी दर रविवारी दाढी करून, शर्ट घालून बसत. मी टेबलावर पातळ कापडाखाली होतो, माझ्या घरांच्या सरळ रेषांवरून आजी कापड कापायची.

"आजोबा, चित्र हलतंय," भिंगरी म्हणायची.

"वाऱ्यानं," आजोबा म्हणायचे. खिडकी बंद असायची.

हिवाळ्यात आजोबा गेले. दोन रविवार कॉल झाले, ते नुसते रडण्याचे. तिसऱ्या रविवारी आजीनं मुलानं पाठवलेला लोखंडी स्टँड टेबलाला घट्ट बसवला, त्यात टॅबलेट अडकवला आणि सुईत दोरा ओवला. दोघी शिवू लागल्या. मग भिंगरी म्हणाली,

"आजी, आज चित्र हलतच नाहीये."

"हो गं. स्टँड आहे आता."

"जरा हलव ना."

आजीनं सुई टोचून ठेवली, स्टँडचा स्क्रू सैल केला आणि टॅबलेट दोन्ही हातांनी धरला. हात स्थिर होते. मग ते स्थिर राहिले नाहीत.

मित्रांनो, तुमचीही काही माणसं लांब असतील. ती काय आणायचं ते ठरवत असतील आणि चुकत असतील. तुम्हाला काय आवडतं ते त्यांना वेळेवर सांगा, आणि खेळ आवडेनासा झाला तर तेही समोर बसून सांगा, पाणी प्यायला उठून नव्हे. एवढंच मला म्हणायचं होतं. एकोणऐंशीच्या घरावर कुणीतरी गरम चहाचा कप ठेवलाय, तेवढा उचला.