नऊ नंबरची ओळ

आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये पेशंटला नावाने नाही, नंबराने मांडतात. ग्रुपवर सगळ्यांचं सगळं जायला नको म्हणून. पण नऊ नंबरला कुणी नऊ म्हणत नसे. ते मास्तर होते.

दर शनिवारी मोठ्या सिस्टर पुढच्या आठवड्याचा तक्ता कागदावर आखायच्या. डावीकडे नंबर, वर सहा वार, घरात वेळ: सात, बारा किंवा सतरा. ज्याचा वार नाही त्याचं घर रिकामं. मी टेक्निशियन, मशीन लावणं-काढणं माझं काम. पण तक्त्याचा फोटो काढून पेशंटच्या ग्रुपवर टाकणंही माझ्याच गळ्यात पडलं होतं. फोटो टाकला की अर्ध्या तासात फोन सुरू. कुणाचा फोटो उघडत नाही, कुणाला अक्षर दिसत नाही. शुगरने डोळे गेलेली माणसं ती, त्यांना बोटांनी फोटो मोठा करा म्हणणं सोपं आहे.

मास्तरांनीच एकदा सुई टोचून घेता घेता सांगितलं, "पोरी, फोटो नको. लिहून पाठव. मी फोनची अक्षरं मोठी करून ठेवलीत, लिहिलेलं मला वाचता येतं."

मला उत्साह भारी. फोटोतली अक्षरं उचलणारी सोय फोनमध्ये होतीच, ती वापरली. आकडे आले, पण रिकामी घरं गिळून. गुरुवारची वेळ सरकून मंगळवारखाली बसली. मग मी रिकाम्या प्रत्येक घरात दोन आडव्या रेघा घातल्या. सातला शून्य-सात केलं, म्हणजे प्रत्येक घर दोन अक्षरांचं. मधे दोन दोन स्पेस, टॅबची उडी अजिबात नाही. वार आधी मराठीत लिहिले, पण "सो" आणि "गु" सारखी जागा घेत नाहीत, रांग वाकडी व्हायची. म्हणून वारांची इंग्रजी दोन-दोन अक्षरं घेतली. शेवटी कीबोर्डच्या कोपऱ्यातली ती बारीक तिरपी खूण, तक्त्याच्या वर तीनदा, खाली तीनदा. ती घातली की सगळी अक्षरं एका मापाची होतात. पाठवलं. माझ्या फोनवर तक्ता ओळंब्याने आखल्यासारखा सरळ उभा राहिला. सिस्टर म्हणाल्या, "वा गं, शहाणी झालीस." मी फुगले. आता वाटतं, तेव्हाच कुणीतरी कान पिळायला हवा होता.

तो तक्ता पाठवायच्या आदल्याच दिवशी चार नंबरचं मशीन बिघडलं होतं. डॉक्टरांनी ज्यांचं निभेल अशा तिघांना तीनऐवजी दोनच वेळा बोलावलं आणि कुणाकुणाला ते तक्त्यात कळेल, असं ग्रुपवर सांगितलं. मास्तर त्या तिघांत नव्हते. त्यांचे मंगळ, गुरू आणि शनी, तिन्ही तसेच. फक्त शनिवारची वेळ सातऐवजी बारा.

शनिवारी पावणेबाराला इमर्जन्सी आली. एक बाई, श्वास लागलेला. मास्तरांची खुर्ची मोकळी दिसली, तिला बसवलं. खुर्ची रिकामी राहिली असती तर मी फोन केला असता. नेहमी करते. पण खुर्ची भरली होती, मशीन चालू होतं, आणि त्या धावपळीत मास्तर आलेच नाहीत हे एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच. रविवारी सेंटर बंद. सोमवारी पहाटे त्यांच्या लेकीने त्यांना आणलं तेव्हा फुप्फुसात पाणी भरलं होतं. मशीनपर्यंत पोचलेच नाहीत.

चार दिवसांनी ती फाइल न्यायला आली. पस्तिशीची, अंगावर ऑफिसचे कपडे. चहा समोर ठेवला तरी तिने घेतला नाही.

"ताई, बाबा म्हणाले या आठवड्यात दोनच वेळा आहे. मी म्हटलं फोन करून विचारू या. तर माझ्यावर चिडले. म्हणाले, जन्मभर शाळेची वेळापत्रकं केली मी, मला तक्ता वाचायला शिकवू नकोस." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "तुम्ही त्यांना कमी बोलावलं होतं ना?"

मी म्हटलं, "बघते." तिने बाबांचा फोन पुढे केला.

त्यावर त्या आठवड्याचा तक्ता उघडला होता. ही एवढी मोठी अक्षरं! ओळीत शुक्रवारपर्यंतचंच मावत होतं. शनिवारचं घर घसरून खालच्या ओळीत, अगदी डाव्या कडेला गेलं होतं. जिथे पेशंटचा नंबर असतो, तिथेच. मास्तरांच्या ओळीत मंगळ होता, गुरू होता, आणि ओळ संपली होती. खाली एकटा बारा. वाचणाऱ्याला वाटावं, बारा नंबरच्या पेशंटला या आठवड्यात काहीच नाही.

फोटो धूसर होता, पण शनिवार शनिवारखालीच होता. ज्यांच्यासाठी लिहून पाठवला, त्यांच्याच फोनवर मी तो मोडला होता. मोठी अक्षरं असणाऱ्या इतरांनी फोन करून विचारून घेतलं असेल. मास्तरांनी तक्त्यावर विश्वास ठेवला.

"डॉक्टरांशी बोलून सांगते," असं म्हणून मी फोन परत दिला. ती गेली. भेकड मी.

शनिवारी सिस्टरांनी नवा कागद दिला. "नऊ नंबर सोमवारपासून नव्या पेशंटला जाईल, त्याच्या वेळा लिहिल्यात. आणि तू का गं रडतेस?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि मग सगळंच सांगितलं. "तिला सांग," म्हणाल्या. "आणि आधी हे नीट कर."

नीट करायला दहा मिनिटं लागली, याचंच जास्त वाईट वाटलं. सोम-बुध-शुक्रवाल्यांचा एक तक्ता, मंगळ-गुरू-शनीवाल्यांचा दुसरा. प्रत्येकात तीनच वार, ओळ चौदा अक्षरांची. माझ्या फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून पाहिलं. सरळ. पण माझा फोन नवा, रुंद. मास्तरांचा जुना, अरुंद होता. आता माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता.

नव्या पेशंटच्या वेळा मी तात्पुरत्या बाजूला ठेवल्या. नऊ नंबरपुढे तीन घरांत दोन दोन आडव्या रेघा घातल्या. ओळ काढली नाही. मग लेकीला वेगळा मेसेज केला: "बाबांच्या फोनवर एक तक्ता पाठवलाय. कसा दिसतो त्याचा फोटो पाठवाल का? अक्षरांचा आकार बदलू नका."

पाच मिनिटांनी फोटो आला. स्क्रीनवर ती मोठमोठी अक्षरं, वारांखाली वार, आणि नऊपुढे रेघा, सगळ्या आपापल्या जागी. खाली तिने लिहिलं होतं, "सरळ दिसतंय."

मग पुन्हा:

"ताई, मागच्या वेळी असं दिसत नव्हतं ना?"

मी खुर्चीत बसले. शेजारी मशीनच्या पंपाचं चाक फिरत होतं. मी लिहिलं, "नाही. मागच्या वेळी शनिवार खाली घसरला होता. चूक माझी. बाबांनी तक्ता बरोबर वाचला होता."