पिळाचा टाका

"हा आपला नाहीच," यमुताई म्हणाल्या आणि दोन्ही हात सोफ्यावर टेकून बसल्या.

सुमंतने आईच्या हातातून मोबाइल घेतला. सकाळी दूध आणायला म्हणून खाली उतरलेले बाबा, मार्तंडराव, अजून घरी आले नव्हते. वर्षभरापासून त्यांना स्वतःचा मजलासुद्धा आठवत नसे. अख्खी रामदासपेठ पालथी घालून झाली होती, पोलिसांकडे वर्णन आणि फोन नंबर देऊन झाला होता. आणि आता, दिवस कलायला लागल्यावर, बसने तासाभरावर असलेल्या रामटेकहून चंपतराव नावाच्या हवालदाराने फोटो पाठवला होता. तलावाच्या पायरीवर एक तपकिरी स्वेटर सापडला होता, माणूस मात्र नव्हता. तसाच स्वेटर घालून बाबा निघाले होते. पण तपकिरी स्वेटर काय, थंडीत विदर्भात शंभरात वीस लोकांच्या अंगावर असतो.

फोटो अगदी जवळून काढलेला होता. लोकरीचे टाके आणि कोपऱ्यात हवालदाराचा अंगठा, बाकी काही नाही.

"टाके बघ ना," यमुताई म्हणाल्या. "सगळे सरळ. माझ्या विणीत पीळ असतो."

हे खरं होतं, आणि त्याची बायको भैरवी हिच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाई उलट टाका घालताना लोकर सुईवर चुकीच्या बाजूने फिरवायच्या. दोन सुयांवर सपाट विणताना दर दुसरी ओळ उलट येते, त्यामुळे एक ओळ सोडून एका ओळीत प्रत्येक टाक्याचे दोन पाय बुडाशी एकमेकांवर चढायचे. भैरवीने लग्नानंतर ते व्हिडिओ लावून दाखवलं, तर "माझ्या आईचा हात आहे तो, व्हिडिओवाल्यांचा नाही," असं उत्तर मिळालं होतं. त्यानंतर त्या पिळावरून घरात बरीच थट्टा झाली होती.

"मग कळवू का त्यांना, आमचा नाही म्हणून?" सुमंतच्या आवाजात जीव आला होता. "ते दुसरीकडे शोधतील."

"थांबा," भैरवी म्हणाली.

तिने फोटो मोठा केला. कापड दोन्ही कडांना वळून मागे गेलं होतं, आणि अंगठ्याच्या मापाने बघितलं तर मधली रुंदी वीतभरही नव्हती. हे पाठीचं कापड नव्हे.

"आई, ही बाही आहे."

यमुताईंनी तोंड फिरवलं.

"बाही तुम्ही चार सुयांवर गोल विणता. कोपराला शिवण टोचते म्हणून. गोल विणताना सगळ्याच ओळी सुलट, उलट ओळ येतच नाही. मग पीळ कुठून पडणार?"

"गप्प बस वं!" यमुताई एवढ्या जोरात ओरडल्या की सुमंत दचकला. "नाही म्हटलं ना मी!"

तेव्हा भैरवीला कळलं. सासूबाईंना बाही पहिल्या नजरेतच ओळखू आली होती. त्यांना फक्त बाबा तळ्यात गेले असतील, हे नको होतं. भैरवीलाही नको होतं. पण नाही म्हटलं असतं तर शोधणारे रामटेक सोडून निघून गेले असते.

तिने चंपतरावांना फोन लावला. "पाठीचा फोटो पाठवा. सुलट बाजूने, उजेडात, अगदी जवळून."

"काहून? हा दिसत नाही का तुमाले?"

"दिसतो. पण हा बाहीचा आहे. पाठ हवी."

पहिला फोटो धूसर आला. दुसऱ्यात टाके स्वच्छ दिसत होते. भैरवीने बोट फिरवत ओळी बघितल्या. एक ओळ मोकळी. वरच्या ओळीत प्रत्येक टाक्याला पीळ. पुन्हा मोकळी. पुन्हा पीळ. सगळ्या पाठभर, न चुकता, तीच चूक.

तिने मोबाइल सासूबाईंसमोर धरला. यमुताईंनी चष्मा पुसला, पाहिलं, आणि मान खाली घातली.

"माझाच," त्या म्हणाल्या.

सुमंतने हवालदाराला तसं कळवलं आणि बाबांच्या चेहऱ्याचा फोटो पाठवला. पलीकडून चंपतराव कोणाला तरी ओरडले, "मानूस अथीचाच हाये गा! अख्खा काठ पाहा, मंदिरामागं बी पाहा!" सुमंतने गाडीची किल्ली घेतली, पण बराच वेळ यमुताई जागच्या उठेनात. भैरवी त्यांना धरून लिफ्टपर्यंत नेत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"सापडले," चंपतराव म्हणाले. "तळ्याच्या पल्याड, दगडी छत्रीमागं झुडपात वाकून पाहून राहिले होते. थंडीनं काकडून गेले. पोरायनं घोंगडं देलं, तं घेत नाहीत. घरी चला म्हनलं, तं म्हनते सवेटर हरपलं, ते सापडल्याबिगर घरी जात नाही. माह्या बायकोनं विनलं हाये म्हनते. लई रागवंन म्हनते."

लिफ्टचं दार उघडं होतं. यमुताईंनी भैरवीच्या हातातून फोन ओढून घेतला. दिवसभर त्या रडल्या नव्हत्या.

"त्यांना सांगा," त्या हुंदके देत म्हणाल्या, "सापडलं म्हणावं. ती रागावणार नाही म्हणावं."