अपयशी विनंत्या : शून्य

गृहवसाहत मंडळाचा सर्व्हर तळमजल्यावर, झाडू-बादल्यांच्या शेजारच्या खोलीत होता, आणि त्याची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळं कार्यालय सर्व्हरवाला म्हणत असे. एकोणीस वर्षांत बादल्या तीनदा बदलल्या होत्या, सर्व्हर एकदा. माणूस तोच होता.

मंडळाच्या इमारतींमधल्या तक्रारी याच सर्व्हरवर नोंदवायच्या, त्याही फक्त सोमवारी, दहा ते अकरा. बाकीचा आठवडा मंडळ त्या सोडवण्यात गुंतलेलं असतं अशी समजूत होती. दर सोमवारी साधारण सात तक्रारी यायच्या. तीनशे बारा इमारतींत मिळून सात. उपसंचालक साहेबांनी या साताचा आलेख करून भिंतीवर लावला होता. तो अगदी आडवा होता आणि साहेबांना फार प्रिय होता.

सर्व्हरवाल्याची मावशी यांपैकीच एका इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायची. लिफ्ट सात महिने बंद होती आणि मावशीचे गुडघे त्याच्याही आधीपासून. लिफ्ट बंद पडली त्याच्या आदल्याच दिवशी तिने चालायला जायचे बूट आणले होते. ते दाराशी वर्तमानपत्रावर ठेवलेले असत, तळव्यांना धुळीचा कण नाही. फोन केला की मंडळातला आवाज सांगायचा, तक्रार संकेतस्थळावर नोंदवा. ती दर सोमवारी दहाला टॅब्लेट घेऊन बसायची आणि अकराला मिटवून ठेवायची.

"काय दिसतं गं?" तो विचारायचा.

"पाचशे चार. आमच्या इमारतीत एवढी घरंही नाहीत." मग ती त्याच्याकडे बघायची. "तू आत असतोस ना? आतूनच टाक की माझी."

"प्रत्येक नोंदीवर कुणी टाकली ते उमटतं, मावशी. माझं नाव उमटलं की तक्रार रद्द आणि मीही."

"म्हणजे मंडळात आपला माणूस असून उपयोग शून्य."

"शून्य नाही. चहा मिळतो."

अशात एका बुधवारी साहेबांनी त्याला वर बोलावलं. पुढच्या गुरुवारी मंडळाची बैठक होती आणि कुणीतरी विचारणार होतं, सर्व्हरची क्षमता किती. "किती माणसं एकदम आली तर मोडतो, ते काढा. लेखी द्या, सही करून."

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. तो जिना उतरला तो जवळजवळ शीळ घालत.

चालू सर्व्हरला त्याने हात लावला नाही. तशाच बांधणीचं एक जुनं यंत्र कपाटात होतं. त्यावर बारा वर्षांच्या तक्रारींसकट हुबेहूब नक्कल उभी केली. विनंत्यांचा मारा करायचं यंत्र वेगळं घेतलं, कारण एकाच यंत्रावर मारणारा आणि खाणारा बसवले की कोण दमलं ते कळत नाही. मग ab नावाची आज्ञावली घेतली. तिला सांगायचं, एकूण इतक्या विनंत्या कर आणि एका वेळी इतक्या हातांनी कर. बाकी ती निमूटपणे मोजते.

पहिल्या फेरीत त्याने इमारत क्रमांक टाकल्यावर उघडणाऱ्या पानावर दहा हजार विनंत्या सोडल्या. पाच सेकंदांत खेळ खलास. सेकंदाला दोन हजार शंभर. अपयशी विनंत्या : शून्य.

आवक-जावक विभागातल्या बाई शिक्का मागायला आल्या होत्या. त्यांनी पडद्यात डोकावलं. "बरंच धावतंय की हो तुमचं घोडं."

"म्हणूनच शंका येतेय," तो म्हणाला.

त्याने खालची ओळ वाचली. दोनशेच्या घरातलं (म्हणजे काम झाल्याचं) नसलेलं उत्तर मिळालेल्या विनंत्या : दहा हजार. म्हणजे सगळ्याच. तो लॉगिन करायला विसरला होता. सर्व्हर प्रत्येकाला दारातूनच सांगत होता, आधी त्या खिडकीवर जा; आणि ab त्या खिडकीवर जात नाही, उत्तर आलं एवढ्यावर समाधान मानते. उत्तर वेळेवर आलं आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच लांबीचं आलं, म्हणून अपयश शून्य.

"म्हणजे एकाचंही काम न करता नुसतं परत पाठवलं, म्हणून एवढा वेग?" बाई म्हणाल्या.

"हो."

"मग यात यंत्राचं काय विशेष? वरच्या मजल्यावर बघा."

दुसऱ्या फेरीत त्याने लॉगिनची खूण सोबत दिली आणि विनंत्या सावकाश वाढवत नेल्या. एका वेळी दोन माणसं : उत्तराला एक सेकंद. दहा माणसं : पाच सेकंद. वीस : दहा. माणसं वाढत होती, पण सेकंदाला कामं होत होती दोनच. आकडा तिथे अडला तो अडलाच. पुढची सगळी वाढ रांगेची. सरासरीवर तो कधीच विसंबत नसे. शंभरातल्या शेवटच्या पाचांना किती वेळ लागला, तेच आधी बघायचा; मावशी नेहमी त्या पाचांत असायची. तीसवर ती पाच माणसं पंधरा सेकंदांना टेकली. सर्व्हरचं पुढचं दार पंधरा सेकंदच थांबतं, मग पाचशे चार, म्हणजे 'आतून वेळेत उत्तर नाही', असं दाखवून मोकळं होतं. चाळीसवर बहुतेकांना पाचशे चारच. वर आणखी गंमत अशी, की कंटाळून गेलेल्या माणसाचं काम आत चालूच राहायचं आणि तो पुन्हा बटण दाबून दुसरं काम लावायचा. थोड्या वेळाने सर्व्हर फक्त निघून गेलेल्यांची सेवा करत बसायचा.

हे चाललेलं असताना दुसऱ्या खिडकीत त्याचं लक्ष नकलेच्या तब्येतीवर होतं. मेमरी निवांत. डिस्क निवांत. मारा करणारं यंत्रही निवांत, म्हणजे खोट त्याच्यात नव्हती. दोन्ही प्रोसेसर मात्र शंभर टक्के, आणि ते खात होता एकटा डेटाबेस. त्याच्या संथ कामांच्या नोंदवहीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा : या इमारतीची तक्रार आधी आहे का? उत्तर शोधायला तो दर वेळी चार लाख तक्रारी, बहुतेक सोमवारचा नियम येण्याआधीच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होता. इमारत क्रमांकाची सूचीच कुणी केलेली नव्हती. सगळी पानं न चाळता नाव सापडावं म्हणून पुस्तकामागे जोडतात, तशी सूची.

एक ओळ लिहून त्याने नकलेवर ती केली. पुन्हा तीस माणसं सोडली. सेकंदाला तीनशे कामं, दशांश सेकंदात उत्तर, आणि या वेळी प्रत्येक उत्तर खरं.

अहवाल तीन पानांचा झाला. पहिल्या पानावर चुकलेली फेरी, प्रामाणिकपणे, चूक कुठे झाली त्यासकट. दुसऱ्यावर तीसचा आकडा. तिसऱ्यावर उपाय. तिन्ही पानांवर सही.

साहेबांनी दुसरं पान दोनदा वाचलं. "तीसच्या पुढच्यांना काय होतं?"

"पाचशे चार."

"त्यांची तक्रार नोंदली जात नाही?"

"नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही, साहेब. म्हणून तर सात येतात."

साहेबांनी भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं, जसं कुणी घरातल्या आजाऱ्याकडे पाहतं. मग दुसरं आणि तिसरं पान खणात ठेवलं. "उपाय योग्य वेळी करू. बैठकीला पहिलं पान पुरे, वरचे आकडे तेवढे."

"पण ते चुकलेलं आहे."

"दोन हजार शंभर, अपयश शून्य. तुमचीच सही आहे."

रविवारी तो मावशीकडे गेला. ती खिडकीत बसून खाली बघत होती. "त्या कोपऱ्यावरचं झाड तोडलं वाटतं," ती म्हणाली, "की माझी नजर अधू झाली? खाली जाऊन बघ आणि मला सांग." त्याने पाच मजले उतरून पाहिलं. झाड तोडलेलं होतं. त्याने पाच मजले चढून तसं सांगितलं.

सोमवारी साडेनऊला, कुणालाही न विचारता, त्याने चालू सर्व्हरवर ती एक ओळ लिहिली. अर्धं मिनिट लागलं.

दहा वाजले. पडद्यावर तक्रारी येऊ लागल्या. पाच मिनिटांत सात झाल्या, मग शंभर, मग त्याने मोजणं सोडलं. प्रोसेसर पंधरा टक्क्यांवर पहुडले होते. दहा वाजून बारा मिनिटांनी मावशीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, जशी काही आवाजाने नोंद पुसली जाईल. "क्रमांक आला रे. सदतीस. अशी चटकन घेतली, मला वाटलं काहीतरी चुकलं."

"बूट पुसून ठेव," तो म्हणाला.

अकरापर्यंत अकराशे चाळीस तक्रारी झाल्या होत्या. सव्वाअकराला त्याला वर बोलावणं आलं.

साहेब रागावलेले नव्हते, हेच वाईट होतं. "मागच्या आठवड्यात तुम्ही एकूण किती विनंत्या सोडल्या?"

"दहा हजारांच्या वर."

"लेखी आहे. मग या अकराशे त्यांतल्याच."

"साहेब, तो मारा नकलेवर होता. तोही नुसती पानं वाचायचा. एकही तक्रार नोंदवलेली नाही. या माणसांनी टाकलेल्या आहेत."

"हा फरक गुरुवारी बैठकीत कोण समजून घेणार? आम्ही क्षमतेची चाचणी घेतली, तिच्या काही नोंदी चुकून राहिल्या, त्या काढल्या. हे सगळ्यांना समजतं." त्यांनी खणातलं तिसरं पान बाहेर काढलं. "आणि हे आज सकाळी चालू सर्व्हरवर कुणी केलं, याची चौकशी लावली तर तेही सगळ्यांना समजेल. पूर्ववत करा."

तो उभा राहिला. नाही म्हणायचं, हे त्याने जिना चढायच्या आधीच ठरवलं होतं. पण ते खाली ठरवलेलं होतं आणि इथे वर त्याला निवृत्तीची तारीख दिसत होती. तो खाली आला आणि सूची काढून टाकली. करायला अर्धं मिनिट लागलं होतं, काढायला तेवढंही नाही. अकराशे चाळीस नोंदींवर 'चाचणी' असा शेरा मारायची ओळही त्यालाच लिहावी लागली. ती पहिल्याच फटक्यात बिनचूक चालली.

आवकबाई दारात उभ्या होत्या. "झालं का काम?"

"झालं."

"अपयशी किती?"

त्याने शिक्का पुढे केला. त्या शिक्का न घेताच गेल्या.

संध्याकाळी तो पाच मजले चढून गेला. दार उघडंच होतं. बूट चकाकत होते; नाड्याही ओवून ठेवलेल्या होत्या. मावशीने चष्मा चढवला आणि टॅब्लेटवरचा निरोप त्याला वाचून दाखवला, शाळेतल्यासारखा एकेक शब्द तोडून. "आपली तक्रार क्रमांक सदतीस ही चाचणी होती. सहकार्याबद्दल आभार."

तो खुर्चीत बसून दम खात होता.

"मी पास झाले की नापास, ते काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे का? तू आत असतोस."

"नाही."

"असो. पुढच्या सोमवारी परत टाकते. आज कशी चटकन घेतली होती." तिने बूट उचलले, वर्तमानपत्र बदललं आणि ते पुन्हा दाराशी ठेवले. "जरा चौकशी कर बाबा तिथे. आज नेमकं काय बरोबर झालं होतं, ते."