चॅट उसळली आणि मी पाहिलंच नाही

हे लिहिणारच नव्हतो. कारण यात गाढव मीच आहे.

माझा मित्र जुने रेडिओ दुरुस्त करतो, वडिलांच्या दुकानात, आणि ते इंटरनेटवर लाइव्ह दाखवतो. प्रेक्षक त्याला डॉक्टर म्हणतात. प्रेक्षक बाजूला मेसेज टाकतात, ती चॅट त्याची ताई सांभाळते. मी नंतर त्या लांबलचक लाइव्ह स्ट्रीमच्या रेकॉर्डिंगमधून छोटे क्लिप काढतो. पदवी नाही, कोर्स नाही, सगळं बघूनबघून शिकलेलं. म्हणजे अर्धवट.

एका मोठ्या चॅनेलने आमचा एक क्लिप दाखवायचं कबूल केलं. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा. काकांनी, म्हणजे डॉक्टरच्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलेलं, "हे जमलं तर कॅमेरा राहील. नाहीतर त्या जागी बॅटऱ्यांचं कपाट."

मी निवांत होतो. अख्खी स्ट्रीम बघायला मी काय खुळा आहे? मी एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. चॅटमधल्या प्रत्येक मेसेजवर वेळ असते. प्रोग्राम दर दहा सेकंदांचे मेसेज मोजतो आणि जिथे आजूबाजूच्यापेक्षा एकदम जास्त पडलेत तिथे खूण करतो. लोक उसळले म्हणजे काहीतरी भारी घडलं. मी तीन सगळ्यात उंच खुणा घेतल्या, प्रत्येक खुणेपासून पुढचं अर्धं मिनिट कापलं आणि रुबाबात दुकानात गेलो. एकही न बघता.

पहिला लावला. डॉक्टर तोंड हलवतोय, आवाज शून्य. बाजूला चॅट धो धो वाहतेय.

ताई म्हणाली, "माइक बंद होता रे. सगळे 'आवाज नाही, आवाज नाही' ओरडत होते. मीच ओरडत होते."

"दुसरा बघ," मी म्हणालो.

दुसऱ्यात चॅटभर नुसते एक, एक, एक.

"रेडिओचं जुनं बटण कुणाला हवंय, त्यांनी एक टाका म्हणालो होतो मी," डॉक्टर म्हणाला. "एका पठ्ठ्याने तर चाळीसदा टाकला."

"मेसेज कशाला मोजतोस, माणसं मोज," ताई म्हणाली.

मी मान डोलावली, जणू मला ते आधीच सुचलं होतं.

तिसऱ्यात डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून हसतोय, चॅटमध्ये हसणाऱ्या चेहऱ्यांचा पूर. क्लिप संपला.

"हसतोयस कशाला?" मी विचारलं.

"मला काय माहीत? क्लिप तू कापलास."

ताईने कपाळाला हात लावला. "अरे, लोकांपर्यंत चित्र उशिरा पोचतं. मग ते हसणार, मग टाइप करणार. तू नुसतं हसणं कापून घेतलंस, विनोद मागेच राहिला."

मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि खुणेच्या वीस-पंचवीस सेकंद मागे गेलो.

डॉक्टर शेवटची तार जोडतो. रेडिओ खरखरतो आणि एक भारदस्त आवाज म्हणतो, "नमस्कार." आतल्या खोलीतून काका, "नमस्कार, नमस्कार, बसा हो, आलोच." मग ते बाहेर येतात. केस सारखे केलेले, गिऱ्हाइकाला दाखवायचं ते हसू चेहऱ्यावर. दुकानात कुणीच नाही. ते रेडिओकडे बघतात. रेडिओ हवामान सांगतो. ते गुपचूप आत जातात.

आम्ही तिघं पोट धरून हसलो. मग मागे कुणीतरी खाकरलं.

काका दारात उभे होते. डॉक्टरने पटकन रेकॉर्डिंग थांबवलं. मी मनातल्या मनात बॅटऱ्यांचं कपाट बसवून टाकलं.

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

लावला. ते जवळ येऊन शेवटपर्यंत बघत राहिले.

"हे लोक मला हसतायत?"

"तुम्हाला नाही, बाबा," ताई म्हणाली. "हे वाचा ना. 'काका किती छान आहेत.' 'आमच्याकडच्या दुकानांत असं कुणी बसा म्हणत नाही.'"

काकांनी चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ चॅट वाचली.

"शर्ट बरा दिसतोय," ते म्हणाले. "पाठवा. आणि तो कॅमेरा जरा इकडे फिरव, दार दिसू दे. मी तिथूनच येतो ना."

"आणि कपाट?" डॉक्टरने घाबरत विचारलं.

"मागच्या भिंतीला लावू."

संध्याकाळच्या आत क्लिप गेला, खरखरीपासून सुरू होऊन काका आत जाईपर्यंत. पाठवायचं बटण डॉक्टरने दाबलं. मला हात लावू दिला नाही.

बाहेर पायरीवर बसलो तेव्हा तो म्हणाला, "तो बिनआवाजाचा क्लिप तू खरंच पाठवला असतास?"

"असता."

"शाबास."

"मशीन फक्त कुठे बघायचं ते सांगेल," मी म्हणालो. "बघणार मी. प्रत्येक खुणेच्या आधीचं एक मिनिट, आवाज चालू ठेवून, स्वतःच्या डोळ्यांनी. वचन."

"ताईसमोर बोल."

मी आत जाऊन ताईसमोर बोललो.