बाई वाड्यावर आली

गोरक्षच्या धाकटीचं, आरतीचं, बारसं जुन्नरात झालं ते साल एकोणीसशे शहाण्णव. सगळं सुरू झालं ते त्या बारशातच. पाळणा म्हणून झाला, पंगत बसली, आणि गोरक्षच्या आईनं, भिमाबाईंनी, मेंढरांमागच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायला घेतली. पाहुण्यांत गोरक्षच्या कॉलेजातले मित्र संपत सर होते. पुण्याच्या एका संस्थेत ते लोककथा गोळा करायचं काम करत. त्यांचा घास हातातच राहिला.

जाताना म्हणाले, "गोरक्ष, हे टेपवर घे. आपण पुस्तक करू. डाव्या पानावर आईची मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. इंग्रजी तू करायचंस. धनगराच्या आईच्या गोष्टी तिच्या लेकानं इंग्रजीत नेल्या, अजून काय पाहिजे राव?"

हे वाक्य गोरक्षच्या काळजात रुतून बसलं. डिंभ्याच्या अलीकडच्या त्यांच्या वस्तीवर बी. ए. झालेला तो पहिला. जुन्नरात हायस्कूलवर इंग्रजी शिकवायला लागून त्याला दहाएक वर्षं झाली होती. पण आई त्याला अजून "मास्तर" म्हणायची ती चेष्टेनं. आता आईच्या तोंडचा शब्द न् शब्द आपल्या हातून जाणार, असं त्याला वाटलं.

गेला तो, पण एकट्याच्या हातून नाही. गोरक्ष दिवसभर शाळेत. घरी भिमाबाई आणि सून पुष्पा. पुष्पा पारगावची, तीही इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, लेकरं झाली म्हणून नोकरी राहिली एवढंच. दुपारी पोर निजली की ती टेप सुरू करायची, आणि भिमाबाई शेंगा सोलत बोलत सुटायच्या. गोरक्ष शाळेतून येऊन टेप ऐके तेव्हा आईच्या आवाजाशेजारी बायकोचा आवाज असायचा. "हं... मग? मग काय केलंत आत्या?" आणि मग आईचं हसणं. असं पोटातून हसलेली आई गोरक्षनं कधी ऐकली नव्हती. टेप थांबवून तो विचारायचा,

"एवढं काय हसायसारखं होतं?"

"काही नाही हो, आमचं आपलं बायकांचं," पुष्पा म्हणायची, आणि गोरक्षला चहा कडू लागायचा.

तरी पहिल्या काही गोष्टी गोडीनं झाल्या. खरी मारामारी व्हायची ती 'ए' आणि 'द' यांची. आपल्या बोलीत नुसतं 'मेंढी' म्हटलं की भागतं. इंग्रजीत मेंढीच्या पुढं आधी ठरवावं लागतं, ही कुठलीही एखादी मेंढी, की सांगणाऱ्याला नि ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली ती मेंढी. पहिली असेल तर 'ए', दुसरी असेल तर 'द'. लांडग्याच्या गोष्टीत भिमाबाई म्हणाल्या होत्या, "लांडग्यानं मेंढीला नेलं." पुष्पानं कच्च्या खर्ड्यात 'ए शीप' लिहिलं. गोरक्षनं लाल पेनानं गोल केला.

"नुसतं 'मेंढी नेली' म्हणाली असती तर 'ए' चाललं असतं. ती 'मेंढीला' म्हणाली. जनावराला 'ला' लागला म्हणजे ते ठरलेलं जनावर. ही वाकड्या शिंगाची, मघाचीच. 'द' पाहिजे."

"खरंच की!" पुष्पा म्हणाली. "हे मला कुणी कॉलेजातही सांगितलं नव्हतं."

त्या दिवशी गोरक्षला चहा गोड लागला.

बिघडलं ते सातव्या गोष्टीपाशी. गोष्ट बारकीशी होती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचं, कोकणात शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, तिथंच वाडा टाकायचा, म्हणजे जाळ्या लावून मेंढरांचा नि आपला मुक्काम करायचा. अशाच एका मुक्कामाची ती गोष्ट. टेपवर भिमाबाई सांगत होत्या:

"बाई वाड्यावर आली. कोकरू उचललं. ह्यांनी बगितलं, पर बोललं न्हाईत. मी चूल फुकत व्हते. धुरानं डोळं भरलं म्हनून म्या मान फिरवली."

'ह्यांनी' म्हणजे गोरक्षच्या वडलांनी, राघूंनी. ते जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. गोरक्षनं पहिलं वाक्य केलं, 'ए वूमन केम टु द कॅम्प.' दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुष्पानं 'ए' खोडून तिथं 'द' केला होता.

"हे कुणी केलं?"

"मी. आत्या 'एक बाई' म्हणाल्या नाहीत. 'वाड्यावर बाई आली' असंही म्हणाल्या नाहीत. तसं असतं तर कुणीतरी आली म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, 'बाई वाड्यावर आली.' बाई आधी, वाडा मग. म्हणजे बाई ठाऊक होती."

"अगं पण गोष्टीत ती पहिल्यांदा येतेय! पहिल्यांदा येणाऱ्याला 'ए', मग 'द'. आठवीच्या पोरांना शिकवतो मी. लंडनचा माणूस पुस्तक उघडून विचारेल, कुठली बाई?"

"विचारू दे की त्याला."

"आणि ठाऊक होती म्हणतेस, कुणाला ठाऊक होती? तुला?"

पुष्पा गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं गोरक्षला खोडलेल्या 'ए'पेक्षा जास्त झोंबलं. तो तसाच ओट्यावर गेला. भिमाबाई नातीला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या.

"आये, कोकरू उचलणारी ती बाई कोण? ओळखीची होती का कुणीतरी वाटसरू?"

भिमाबाईंनी मान वर केली नाही. "पुष्पीला ठावं हाय. तिला इचार."

"मी तुझा लेक आहे."

"मंग? लेक हाईस म्हनून समदंच तुला सांगू व्हय? जा, मास्तर, पोरांच्या वह्या तपास."

गोरक्षच्या कानशिलात जाळ झाला. तो बाजारपेठेतून शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत उगाच चालत गेला. परक्याची पोर घरात आली काय, नि माझ्या आईच्या पोटातलं तिला कळावं, मला नाही? मी हिच्या दुधावर वाढलो, हिच्या मेंढरांमागं अनवाणी फिरलो. गोष्टी माझ्या, आई माझी, बाप माझा, आणि 'द' मात्र हिचा! पुस्तकावर नाव माझं जाणार, पण पानापानांत हीच बसलेली असणार.

मग घरात अबोला सुरू झाला. टेप वाजायची तेव्हा गोरक्ष मुद्दाम बाहेर जायचा आणि परत आल्यावर हळूच टेप मागं करून ऐकायचा. आई हसली की बटण दाबून बंद करायचा.

संपत सर पक्का मजकूर न्यायला येणार, त्या सकाळी गोरक्षनं सातव्या गोष्टीचं पान पुन्हा टंकून काढलं. 'ए वूमन.' पान पुष्पापुढं ठेवलं.

"हे चुकीचं आहे, तुम्हालाही ठाऊक आहे," पुष्पा म्हणाली.

"मला काय ठाऊक आहे? मला ठाऊक नाही हाच तर वांधा आहे! ज्याला माणूस ठाऊक नाही, त्यानं 'ए' लिहावं. तुझ्या बाईला तू 'द' म्हण. माझ्या पुस्तकात ती कुणीतरी आहे."

"माझ्या पुस्तकात?" पुष्पा ताडकन उठली. "आत्या, ऐकलंत का? तुमच्या बाईचं काय केलंय तुमच्या लेकानं, ते सांगू?"

भिमाबाई चुलीपाशी होत्या. "काय केलं?"

"तुम्ही म्हणालात 'बाई वाड्यावर आली'. ह्यांनी लिहिलंय, 'कुणीएक बाई आली'. कुठली तरी. जाता येता दिसते तशी."

आता आई रागावणार, पुष्पाची बाजू घेणार, म्हणून गोरक्ष दात आवळून उभा राहिला. भिमाबाईंनी हातातली फुकणी खाली ठेवली. मग म्हणाल्या,

"पुन्यांदा म्हन."

"कुणीएक बाई."

आणि भिमाबाई हसल्या. टेपवर हसायच्या तशा, पोटातून. हसता हसता डोळे पुसले.

"मंग ऱ्हाऊ दे तसंच. आगं, चाळीस वरसं ती माझ्या उरावर 'ती' व्हती. घाट उतराय लागलो की मनात एकच, आता ती येनार. ह्यांनी कंदी नाव घेतलं न्हाई, म्या बी घेतलं न्हाई. नुसती 'बाई'. आन् ह्या माझ्या लेकानं तिला एका रट्ट्यात कुनीतरी करून टाकली! कुनीएक! जा म्हनावं आता आपल्या वाटंनं."

पुष्पा म्हणाली, "अहो पण आत्या, तसं झालं नव्हतं ना. ती कुणीतरी नव्हती."

"झालं न्हवतं म्हनूनच म्हनते न्हवं."

वडलांचा चेहरा गोरक्षच्या डोळ्यांपुढं आला. खांद्यावर घोंगडी, शीळ घालत येणारे, त्याला पाठुंगळी घेणारे. कोकरू उचलणारी बाई आणि न बोलणारे वडील. हे सगळं आधीच त्या चार वाक्यांत होतं. त्यानं त्यांचं इंग्रजी केलं होतं, पण वाचलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस, आये?"

"तू बापाचा लई लाडका. त्येंच्यामागं तूच एक त्येंचं नाव चांगलं घेनारा. ते कशाला घालवू? पुष्पीनं त्येंना बगितलं बी न्हवतं. तिला सांगून त्येंचं काय कमी हुतंय?"

गोरक्षला आता राग धरायलाही जागा उरली नाही. तरी आतला खिळा पुरता निघाला असं नाही. आईनं आपल्याला जपलं, पण तिचं मन मोकळं केलं ते दुसरीपाशी, हे काही खोटं होणार नव्हतं.

संपत सर दुपारच्या एसटीनं आले. पानं चाळताना सातव्या गोष्टीपाशी थबकले. "हा 'ए' बरोबर आहे ना? मराठीवरून मला 'द' वाटतोय."

पुष्पानं गोरक्षकडं पाहिलं. गोरक्ष म्हणाला, "मराठीवरून 'द'च आहे. सांगणारीला 'ए' पाहिजे. आणि सर, पुस्तकावर पुष्पाचंही नाव घाला. माझ्या आधी घातलंत तरी चालेल."

पुस्तक आलं. डाव्या पानावर 'बाई वाड्यावर आली' आणि उजव्या पानावर 'ए वूमन' अशी ती दोन वाक्यं शेजारी शेजारी छापली गेली. पुष्पा आजही म्हणते की ते भाषांतर चुकलं आहे. भिमाबाईंना वाचता येत नव्हतं, पण कुणी पावणं आलं की त्या पुस्तक काढायला लावायच्या आणि त्या उजव्या पानावर बोट ठेवायला सांगायच्या. बोट पुष्पानंच ठेवायचं, असा त्यांचा हट्ट असे. त्या वेळी गोरक्ष उठून पाणी प्यायला जायचा.

त्या बाईचं पुढं काय झालं, हे घरात कुणी विचारलं नाही.

राघू सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात वारले. भिमाबाई दोन हजार तीन साली, दिवाळी होऊन मेंढरं घाट उतरायच्या दिवसांत, जुन्नरच्या घरी वारल्या.