बसून आलेलं दुखणं

माझा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा आधी मी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. शिंप्याच्या दुकानात कटिंगचं काम माझं. दिवसभर टेबलाशी उभं राहून कापड बेतायचं. बसायला तिथे स्टूलसुद्धा नाही, आणि असतं तरी मालकाने बसू दिलं नसतं. उभं राहून काही दुखत नव्हतं. दुखायचं ते तळघरातून कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढताना, आणि त्याहून जास्त सकाळी अंथरुणातून उठताना. पहिली चार पावलं टाकताना गुडघ्याच्या वाटीमागे असं काही ठणकायचं की भिंत धरावी लागायची. मग चालता चालता आपोआप मोकळं व्हायचं.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे, आमच्या भाषेत व्यायामवालीकडे, गेले. पोरगी माझ्या भाचीच्या वयाची, पण हात जाणता. तिने गुडघा वाकवून, सरळ करून, वाटीच्या कडेने दाबून पाहिला. सूज नाही, गुडघा अडकत नाही, चालताना दगा देत नाही, हे सगळं विचारून घेतलं. मग एका पायावर थोडं वाकायला लावलं तर माझा गुडघा आतल्या बाजूला कलला. मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू ढिले पडलेत, म्हणाली, त्यामुळे सगळा भार वाटीवर येतो. घाबरण्यासारखं काही नाही. मी मनात म्हटलं, चला, स्वस्तात सुटले.

पण तिचं एका गोष्टीवर अडलं. असं दुखणं गुडघा बराच वेळ वाकवून बसलं की येतं. लांबचा प्रवास, सिनेमा, खुर्चीतलं काम. मग मला सकाळी का? रात्री पाय पोटाशी घेऊन झोपता का, असं तिने विचारलं. मी फळीसारखी उताणी झोपते, लहानपणापासून. घरी जिने किती चढता? घरात जिना आहे, पण आई गेल्यापासून वरची खोली बंद आहे आणि मी वर जात नाही. ती हसून म्हणाली, "मावशी, तुमचा गुडघा तर सांगतोय की तुम्ही रात्रभर कुठेतरी बसलेल्या असता."

मीही हसले. घरी येईपर्यंत हसू आटलं होतं.

व्यायाम मात्र मी नेटाने केले. काम कुठलंही असो, अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, मांडी घट्ट करायची, पाचापर्यंत मोजून सोडायची. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग कुशीवर वळून वरचा पाय हळूच वर न्यायचा. थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं वाढलेलं राहिलं तर कमी करायचं, अशी तिची ताकीद होती. काही आठवड्यांनी तिने पुढचा व्यायाम दिला: बुटक्या पायरीवर सावकाश चढायचं, सावकाश उतरायचं, गुडघा आत कलू द्यायचा नाही.

बुटकी पायरी आमच्या घरात एकच. वरच्या खोलीत आईच्या पलंगाशी ठेवलेली, तिला पलंगावर चढता यावं म्हणून.

ती आणायला भर दुपारी वर गेले. कठडा धरून एकेक पायरी चढले, दार उघडलं. सगळीकडे धूळ होती. कपाटावर, खिडकीच्या कठड्यावर, पलंगावरच्या चादरीवर अगदी पीठ चाळल्यासारखी. पण पलंगाशेजारची खुर्ची लख्ख होती. जवळ ओढलेली. आणि चादरीवर, खुर्चीच्या बाजूला, एक हात ठेवण्याइतकी जागा पुसलेली होती. मी आईचा हात धरून बसायचे ना, तिथेच.

पायरी तिथेच टाकून मी खाली आले, आणि सकाळचा सगळा ठणका मला एकदम कळला. आई अंथरुणाला खिळली ती दोन वर्षं मी त्या खुर्चीत काढली होती. ती गेल्यावर वाटलं, संपलं, आता पाय पसरून झोपायचं. कसलं संपलं? मला ठार वेड लागायच्या आत कुणीतरी माझ्याजवळ हवं होतं, आणि माझ्या उरलेल्या माणसांत एकच नाव होतं: ताई, माझी थोरली बहीण.

ताईबद्दल काय सांगू. दोन वर्षांत ती आईकडे पाहुणीसारखी आली. फळं आणायची, डोळे पुसायची, संध्याकाळच्या गाडीने परत. खाली दाराचा आवाज झाला की आई मान वळवायची आणि विचारायची, ताई आली का गं? येईल, म्हणायचे मी. रोज म्हणायचे. मनातून मात्र इतकी चिडायचे की दात दुखायचे.

फोनवर मी तिला सगळं सांगितलं. ती दोन पिशव्या घेऊन आली खरी, पण वर पाऊल टाकणार नाही असं तिने चपला काढायच्या आधीच बजावलं. मी म्हटलं, वर नको जाऊस, फक्त माझ्यावर नजर ठेव. ती माझ्या शेजारी झोपू लागली. तिची झोप अशी की मांजर चाललं तरी जाग येते. रोज सकाळी सांगायची, हलली नाहीस तू, ओंडक्यासारखी पडली होतीस.

आणि माझा गुडघा खरंच सुधारला. सकाळचा ठणका आधी गेला, जिन्याचा मागाहून. व्यायामवालीने एका पायावर वाकवून पाहिलं तर गुडघा सरळ राहिला. तिने शाबासकी दिली. मी दुकानात तळघरातून गठ्ठे आणताना गुणगुणायला लागले. आईने मला सोडलं, असं वाटलं, आणि वाटून थोडं रडूही आलं.

परवा सकाळी मी चहा टाकत होते. ताई आमच्या खालच्या पलंगावरून उठली आणि मटकन परत बसली. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. वाटीच्या मागे ठणकतंय म्हणाली, गाडीत रात्रभर बसून आल्यासारखं. तिच्या घरी लिफ्ट आहे. आमच्याकडे आल्यापासून ती एकदाही जिना चढलेली नव्हती. त्यात तिचा चष्माही सापडत नव्हता. रात्री उशाशी ठेवला होता म्हणे.

मी गॅस बंद केला आणि वर गेले. आता मला जिना जड जात नाही.

खुर्ची लख्ख होती. पलंगाला आणखी जवळ, अगदी खेटून. चष्मा चादरीवर, घडी घालून ठेवलेला. धूळ आता दोन हातांएवढी पुसलेली होती.

खाली येऊन मी चष्मा तिच्या हातात दिला. कुठे होता, तिने विचारलं, आणि माझ्याकडे बघता बघता तिचा चेहरा पांढरा पडला. मी टॉवेलची गुंडाळी केली, तिचा पाय लांब केला आणि गुडघ्याखाली सारली.

"खाली दाब. पाच मोज. सोड."

तिने दाबलं.

"मी परत जाते गं," ती म्हणाली. "आजच."

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिची कीव आली, आणि त्याहून जास्त, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं.

"जा की," मी म्हटलं. "पण आई आता विचारत नाही, ताई आली का म्हणून. मला झोपू देते. तिला कळलंय तू आलीस ते."

ताईने पुन्हा गुडघा खाली दाबला आणि पुटपुटत मोजायला लागली. पिशव्या अजून कोपऱ्यातच आहेत.