वेणीचा एक पीळ

कालिंदीने स्वेटर पलंगावर पसरला, बाह्या सारख्या केल्या आणि खिडकीचा पडदा सारून फोटो काढला. बाहेर धुकं होतं, पण राखाडी लोकरीवरची मधोमध उठलेली जाड वेणी छान आली. मलाजखंडला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, ऋताला, फोटो पाठवताना तिने खाली एवढंच लिहिलं, ‘झाला एकदाचा.’

उत्तर लगेच आलं. ‘फारच सुंदर, ताई! भावजींवर खुलून दिसेल. तुझ्या हातात जादू आहे.’ पुढे फुलंच फुलं.

तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. गुणाकरांनी कप खाली ठेवला.

“बस? एकही खोट नाही काढली?”

कालिंदी हसली खरी. पण दोघी विणायला शिकल्या तेव्हापासून ऋताने तिचं काम असं कधी सोडलं नव्हतं. गळा ओढला, खांदा उतरला, काहीतरी निघायचंच. कालिंदी चिडायची, बोलायची नाही, आणि मुकाट्याने उसवायला बसायची.

तिने स्वेटर मांडीवर घेतला. सहा टाक्यांची वेणी. दर आठव्या ओळीला तीन टाके तिसऱ्या सुईवर घेऊन पुढे धरायचे आणि उरलेले तीन आधी विणायचे. गळ्याखालच्या शेवटच्या पिळाला तिने ते मागे धरले होते. बाकी सगळे पीळ डावीकडे वळलेले, तो एकटाच उजवीकडे. फोटोतही ढळढळीत दिसत होता.

तिने फोन लावला. उचलला तो ऋताच्या मुलीने, प्राचीने.

“प्राची, मघाचा मेसेज कोणी लिहिला?”

“मीच, मावशी. आईले आता दिसत नाही. दिवाळीपासून. शुगरनं डोळ्यात रक्त उतरलं. नागपूरले दाखवलं, पण...” तिचा आवाज खाली गेला. “तुले सांगू नको म्हणे. फोटो आला तं म्हणे, कसा दिसते सांग. मले काय समजते त्यातलं? मी म्हटलं, मस्त आहे.”

मागून काही बोलणं ऐकू आलं. मग ऋता स्वतःच फोनवर आली.

“ताई, सांगितलं ना पोरीनं सगळं? रडू नको. वेणी सरळ आली का, ते सांग.”

कालिंदीचा अंगठा त्या पिळावर होता.

“हौ. सरळ आली.”

“वरपर्यंत?”

“वरपर्यंत.”

“मग झालं,” ऋता म्हणाली. फोन मात्र तिने ठेवला नाही. कालिंदीनेही नाही.

नंतर कालिंदीने कात्री घेतली आणि गळ्याच्या पट्टीचा दोरा कापला.

“आता काहून उसवून राह्यली?” गुणाकर म्हणाले. “राहू दे ना. ऋताले थोडीच...”

कालिंदीने वेणीचे तेवढे सहा टाके मोकळे केले. ओळीमागून ओळ सुटत ते खाली गेले, पार त्या पिळापर्यंत. तिने तिसरी सुई हातात घेतली, पण डोळे पुसल्याशिवाय टाके दिसेनात.